प्रकल्प नोंदी: ज्यावक्रीय व्होल्टेजवरील कॉइल-रोध मंडलातील क्षणिक आणि स्थायी प्रवाह वेगळे करणे

7 जून 2025

या प्रकल्पात कॉइल आणि रोध यांच्या एकसरी मंडलाला 50 हर्ट्झचे ज्यावक्रीय व्होल्टेज अचानक जोडले असता पहिल्या काही आवर्तनांत प्रवाह कसा वागतो, हे मोजायचे आहे. सिद्धांत प्रत्येक क्रमिक पुस्तकात असतो. मात्र ज्या दोन भागांची बेरीज तिथे लिहिलेली असते, ते भाग प्रत्यक्ष नोंदीतून सुटे करून दाखवण्याचे काम सहसा कोणी करत नाही. ऑसिलोस्कोपला फक्त बेरीज दिसते. ती फोडायची कशी, आणि फोडलेला तुकडा खरा आहे हे ओळखायचे कसे, एवढ्यापुरतेच हे काम मर्यादित ठेवले आहे.

पुढील सर्व नोंदींत वापरलेले समीकरण येथे एकदाच लिहून ठेवतो. जोडणीच्या क्षणी t = 0 धरून

```
L di/dt + R i = Vm sin(ωt + α)

i = (Vm/Z) [ sin(ωt + α − φ) − sin(α − φ) · e^(−t/τ) ]

Z = √(R² + ω²L²),  tan φ = ωL/R,  τ = L/R
```

α हा जोडणीचा कोन आहे, म्हणजे स्विच लागला तेव्हा व्होल्टेज आपल्या आवर्तनात कुठे होते ते सांगणारा कोन. कंसातले पहिले पद हा स्थायी प्रवाह. तो व्होल्टेजच्या φ इतका मागे राहतो आणि स्विच कधी लावला होता याची त्याला काहीच आठवण नसते. दुसरे पद हा क्षणिक प्रवाह. कॉइलमधला प्रवाह एका झटक्यात बदलू शकत नाही, त्यामुळे t = 0 ला एकूण प्रवाह शून्यच असावा लागतो; पण स्थायी पदाचे त्या क्षणीचे मूल्य सहसा शून्य नसते, आणि नेमकी तेवढीच उणीव क्षणिक पद भरून काढते. म्हणून त्याचे सुरुवातीचे मूल्य स्थायी प्रवाहाच्या सुरुवातीच्या मूल्याइतकेच, पण उलट चिन्हाचे असते. पुढे पडताळणीसाठी हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडणार आहे.

14 जून 2025

कॉइल लोखंडी गाभ्याशिवायच हवी, कारण समीकरणातला L स्थिर राहिला नाही तर दोन भागांची बेरीज हा विचारच कोसळतो. अडचण अशी की हवेच्या गाभ्याच्या कॉइलचा कालस्थिरांक τ वेढे वाढवून वाढत नाही. त्याच जागेत बारीक तारेचे वेढे दुप्पट केले तर L चौपट होतो, पण तार दुप्पट लांब आणि निम्म्या छेदाची झाल्यामुळे R सुद्धा चौपट होतो आणि गुणोत्तर तसेच राहते. τ वाढवायचा तर तांबेच वाढवावे लागते.

गुंडाळणीचा छेद 3 सेंटिमीटर बाजूचा चौरस आणि वेढ्यांची सरासरी त्रिज्या 4.5 सेंटिमीटर ठेवली, कारण दिलेल्या तारेतून जवळजवळ सर्वाधिक L मिळण्याचे प्रमाण हेच आहे. 19 गेजच्या एनॅमल तारेचे 700 वेढे बसले. तार सुमारे 198 मीटर लागली आणि तांब्याचे वजन साधारण 1.4 किलो भरले. हिशेबाने L = 37.5 मिलिहेन्री येतो आणि एलसीआर मीटरनेही तेवढाच दाखवला. कॉइलचा रोध 4.2 ओहम आहे.

मंडलाचा R मात्र यापेक्षा जास्त आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचा, स्विचचा आणि प्रवाह मोजण्यासाठी घातलेल्या 0.1 ओहमच्या शंटचा रोध धरून एकूण 4.8 ओहम होतात. ट्रान्सफॉर्मरचा रोध R मध्ये धरला, तर समीकरणातले Vm हे त्याचे बिनभाराचे व्होल्टेज असायला हवे, भार जोडल्यानंतर टर्मिनलवर मोजलेले नव्हे. एकच रोध दोनदा मोजला जाण्याचा धोका इथे असतो. बिनभाराचे व्होल्टेज 24.0 व्होल्ट, म्हणजे Vm = 33.9 व्होल्ट. यावरून ωL = 11.8 ओहम, Z = 12.7 ओहम, φ = 67.8°, τ = 7.8 मिलिसेकंद आणि स्थायी प्रवाहाचे शिखर 2.67 अँपिअर हे अपेक्षित आकडे मिळतात.

21 जून 2025

स्विचच्या निवडीत बराच वेळ गेला, पण तो वाया गेला असे वाटत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला स्विच लावणे पहिल्यांदाच बाद केले, कारण तसे केल्यास ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा स्वतःचा उसळीचा प्रवाह मोजमापात मिसळतो. ट्रान्सफॉर्मर सतत चालू ठेवून दुय्यम बाजूलाच स्विच ठेवला आहे. रिलेचे संपर्क लागताना थरथरतात आणि लागण्याचा क्षण मिलिसेकंदाने इकडेतिकडे होतो. 50 हर्ट्झला एक मिलिसेकंद म्हणजे 18°, त्यामुळे रिलेही गेला.

ट्रायॅक सोयीचा वाटतो, परंतु α हा φ पेक्षा लहान असताना तो फसवतो. तेव्हा क्षणिक भागामुळे पहिला प्रवाह अर्ध्या आवर्तनापेक्षा जास्त काळ एकाच दिशेने वाहतो, आणि गेटला दिलेला पुढचा आखूड स्पंद ट्रायॅक अजून आधीच्याच दिशेने वाहत असताना येऊन जातो. प्रवाह शून्यावर पोहोचला की ट्रायॅक बंद होतो आणि उलट दिशेने उघडतच नाही. पडद्यावर एकाच बाजूचे उंचवटे दिसत राहतात आणि क्षणिक भाग मावळतच नाही, असा समज होतो. गेट सतत चालू ठेवले तर हा दोष जातो, पण साधारण एक व्होल्टची घट प्रवाहाच्या दिशेबरोबर उलटत राहते, आणि ती रोधासारखी रेषीय नसते.

शेवटी 100 व्होल्टचे दोन मॉसफेट सोर्स एकमेकांना जोडून पाठीला पाठ लावले आणि गेटला विलग पुरवठा दिला. बंद करताना प्रवाह शून्याजवळ असेल याची काळजी मायक्रोकंट्रोलर घेतो, तरीही चुकून मध्येच बंद झाल्यास कॉइलमधली ऊर्जा (3.5 अँपिअरला सुमारे 0.23 जूल) जिरवण्यासाठी समांतर व्हॅरिस्टर बसवला आहे. कंपॅरेटर व्होल्टेजचे चढते शून्य ओळखतो, आणि तिथून मोजलेल्या विलंबानंतर स्विच लागतो: 67.8° साठी 3.77 मिलिसेकंद.

28 जून 2025

α = 0 ठेवून, म्हणजे व्होल्टेज शून्यातून वर चढत असताना स्विच लावून पहिली वापरण्याजोगी नोंद घेतली. नोंद 300 मिलिसेकंदांची, नमुने 20 मायक्रोसेकंदांच्या अंतराने. पहिले शिखर 3.5 अँपिअरच्या जवळ, स्विचनंतर सुमारे 8.3 मिलिसेकंदांनी येते. पुढची शिखरे 2.67 वर स्थिरावतात. पहिला खालचा उतार मात्र पुरता −2.67 पर्यंत जात नाही. सुरुवातीचे वक्र वर उचलले गेले आहे, हे नुसत्या डोळ्यांनाही कळते.

दोन भाग सुटे करण्यासाठी सूत्राचा आधार घ्यायचा नाही असे ठरवले, नाहीतर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्यासारखे होईल. वापरलेली रीत फक्त दोन गोष्टींवर उभी आहे: मंडल रेषीय आहे आणि स्थायी भाग आवर्ती आहे. आठ आवर्तनांनंतर, म्हणजे 160 मिलिसेकंदांनंतर, τ च्या वीसपट काळ उलटलेला असतो आणि क्षणिक भाग मोजण्यापलीकडे क्षीण झालेला असतो. तिथे जे उरते तो निव्वळ स्थायी प्रवाह. तो पूर्ण आठ आवर्तने मागे सरकवून सुरुवातीच्या प्रवाहातून वजा केला की जे शेष राहील तो क्षणिक प्रवाह.

```python
T = 1 / f                          # f मोजलेली वारंवारता
m = (t >= 0) & (t < 0.06)
i_ss = np.interp(t[m] + 8*T, t, i)
res = i[m] - i_ss
```

या रीतीचा एक फायदा पुढे लक्षात आला. आमच्याकडच्या वीजपुरवठ्याचे व्होल्टेज शुद्ध ज्यावक्रीय नाही, त्याची शिखरे थोडी चपटी आहेत. ज्यावक्र बसवून वजाबाकी केली असती तर ही चपटी शिखरे शेषात उतरली असती. आवर्तनच्या आवर्तन वजा केल्याने स्थायी भागाचा आकार कसाही असला तरी तो निघून जातो.

5 जुलै 2025

वरच्या ओळींत f ला 50 का दिले नाही, हे दाखवण्यासाठी आज तीच नोंद दोन प्रकारे तपासली. भारतीय विद्युत जाळ्याची वारंवारता नेमकी 50 नसते. ग्रिड संहितेने तिच्यासाठी 49.90 ते 50.05 हर्ट्झ हा पट्टा ठरवला आहे. त्या नोंदीच्या वेळी व्होल्टेजच्या शून्यांवरून ती 49.93 निघाली. मुद्दाम 50 धरून वजाबाकी केली तर आठ आवर्तनांत 4° चा फरक साचतो, आणि शेषात 2.67 × 0.07 म्हणजे सुमारे 0.19 अँपिअर शिखराची एक लहर शिल्लक राहते.

ही लहर लहान वाटेल, पण खरा क्षणिक प्रवाह 20 मिलिसेकंदांत स्वतःच 0.19 अँपिअरवर येऊन पोहोचतो. त्यापुढे शेषात लहरच जास्त असते, आणि लॉगॅरिदमचा आलेख काढायला गेल्यास ऋण आकडे आडवे येतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: कॉइल-रोध मंडलाचा क्षणिक भाग कधीही चिन्ह बदलत नाही. शेष शून्याच्या वर-खाली होऊ लागला, तर तो क्षणिक प्रवाह नसून वजाबाकीतला कालफरक आहे.

दुसरी खूणही नोंदवतो. प्रवाह मोजणाऱ्या अँप्लिफायरला स्वतःचे थोडे एकदिश विचलन असेल, तर ते या वजाबाकीत आपोआप नाहीसे होते, कारण ते दोन्ही तुकड्यांत सारखेच असते. त्यामुळे शेष शून्यावर न जाता वेगळ्याच पातळीवर थांबत असेल, तर कारण नोंदीदरम्यान सरकणाऱ्या विचलनात शोधावे, स्थिर विचलनात नव्हे.

12 जुलै 2025

वारंवारता दुरुस्त केल्यानंतरचा शेष स्वच्छ घातांकी आहे. t = 0 ला 2.47 अँपिअर, 5 मिलिसेकंदांना 1.3, 10 ला 0.68, 15 ला 0.36. सुरुवातीचे मूल्य 2.67 × sin 67.8° म्हणजे 2.47 शी जुळते, आणि मागे सरकवलेला स्थायी प्रवाह त्याच क्षणी −2.47 दाखवतो, बेरीज शून्य. स्विचचा क्षण ओळखण्यात चूक असती तर ती इथेच दिसली असती.

शेषाचा लॉगॅरिदम काळाविरुद्ध मांडला तर सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून τ = 7.7 मिलिसेकंद निघतो. हाच आकडा दुसऱ्या, पूर्णपणे वेगळ्या मार्गानेही मिळवता येतो. स्थायी प्रवाह बिनभाराच्या व्होल्टेजच्या 67.6° मागे आहे; tan φ = ωτ असल्याने 2.43 ला 313.7 ने भागून पुन्हा 7.7 मिलिसेकंदच येतात. एक आकडा स्थायी भागातून, दुसरा क्षणिक भागातून, आणि दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात.

हिशेबाचा आकडा 7.8 होता. हा एक टक्क्याचा फरक तापमानाचा आहे. स्थायी प्रवाहाचे वर्गमध्य मूल्य 1.89 अँपिअर असल्याने कॉइलमध्ये 15 वॅट उष्णता निर्माण होते, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. कॉइल तीन-चार अंशांनी तापली की R 4.85 च्या आसपास जातो आणि τ 7.7 होतो. म्हणून यापुढे मंडल अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त चालू ठेवायचे नाही आणि दोन नोंदींमध्ये कॉइल थंड होऊ द्यायची, असे ठरवले आहे.

आज α = 67.8° चीही नोंद घेतली. प्रवाह पहिल्या क्षणापासून स्थायी वक्रावरच चालतो आणि शेष गोंगाटात बुडालेला आहे. ऑसिलोस्कोप 8 बिटांचा असून या श्रेणीवर त्याची एक पायरी 31 मिलिअँपिअरची पडते. कोन 1° ने चुकला तर क्षणिक भाग 47 मिलिअँपिअरचा होतो. तेव्हा "शेष नाही" याचा अर्थ कोन एखाद्या अंशाच्या आत बरोबर आहे, इतकाच घ्यावा.

19 जुलै 2025

आतापर्यंतचे काम पडताळणीचे होते. आजचे मोजमाप मात्र एका प्रश्नासाठी केले: प्रवाहाचे पहिले शिखर सर्वांत उंच कोणत्या α ला येते? बहुतेक जण उत्तर देतात की क्षणिक भाग सर्वांत मोठा असेल तेव्हा, म्हणजे α − φ = −90° असताना. आमच्या मंडलात तो कोन −22.2° आहे, चढत्या शून्याच्या 1.23 मिलिसेकंद आधी स्विच लावायचा.

प्रत्येक कोनाला अनेक नोंदी घेऊन पहिल्या शिखरापर्यंतच्या भागाची सरासरी काढली, कारण येथील फरक ऑसिलोस्कोपच्या दोन-तीन पायऱ्यांएवढेच आहेत. सरासरी सूत्राच्या आकड्यांशी 0.02 अँपिअरच्या आत जुळते, म्हणून खाली सूत्राचे आकडे देतो.

α = −45° ला क्षणिक भाग 2.46 अँपिअरपासून सुरू होतो आणि पहिले शिखर 3.26 वर जाते. −22° ला क्षणिक भाग पूर्ण 2.67, शिखर 3.43. शून्याला क्षणिक भाग 2.47 पर्यंत उतरतो, तरी शिखर 3.50 पर्यंत चढते. +22° ला क्षणिक भाग अवघा 1.92 असूनही शिखर 3.42 आहे, म्हणजे −22° च्या जवळजवळ बरोबरीचे.

26 जुलै 2025

कारण क्षणिक भागाच्या आरंभीच्या मूल्यात नाही, शिखर येईपर्यंत त्यातले किती शिल्लक राहते त्यात आहे. α = −22° ला स्थायी प्रवाह आपल्या सर्वांत खालच्या बिंदूपासून निघतो आणि शिखरावर पोहोचायला त्याला जवळजवळ पूर्ण अर्धे आवर्तन लागते; एकूण शिखर 9.6 मिलिसेकंदांनी येते आणि तोवर 2.67 मधले 0.78 अँपिअर उरलेले असतात. α = 0 ला सुरुवात थोड्या कमी मूल्यापासून होते, पण शिखर 8.3 मिलिसेकंदांतच येते आणि तेव्हा 0.85 शिल्लक असतात. +22° ला शिखर आणखी लवकर, पण सुरुवातच इतकी कमी की 0.76 उरतात.

नेमका शून्यच का, हे कागदावर चार ओळींत सुटते. शिखर काळाच्या आणि α च्या दोन्ही बाबतींत महत्तम असायला हवे, म्हणून दोन्ही अवकलजे शून्य:

```
∂i/∂t = 0 :  ω cos(ωt+α−φ) + (1/τ) sin(α−φ) e^(−t/τ) = 0
∂i/∂α = 0 :  cos(ωt+α−φ) = cos(α−φ) e^(−t/τ)

⇒  tan(α−φ) = −ωτ = −tan φ   ⇒   α = 0
```

या निकालात R आणि L ची मूल्ये कुठेच उरत नाहीत, हे मला सर्वांत आवडले. मंडल कोणतेही असो, सर्वांत उंच शिखर व्होल्टेजच्या शून्यावर स्विच लावल्यावरच मिळते. R फार लहान असेल तर φ 90° च्या जवळ जातो आणि दोन्ही कोन एकत्र येतात. म्हणूनच मोठ्या वीजयंत्रणांचा हिशेब शिकताना हा भेद कोणाच्या नजरेत येत नाही.

त्याच हिशेबाशी आमचे आकडे ताडून पाहिले. लघुपरिपथाच्या पहिल्या शिखरासाठी आयईसी 60909 मध्ये गुणक असा दिला आहे:

```
κ = 1.02 + 0.98 e^(−3R/X)
```

X म्हणजे ωL. आमच्या R/X ला तो 1.31 येतो आणि 1.31 × 2.67 म्हणजे 3.50 अँपिअर. रोहित्रापाशी किंवा वाहिनीवर लघुपरिपथ होणे म्हणजे हेच मंडल, फक्त हजारो अँपिअरचे. उच्च दाबाच्या ब्रेकरसाठी 45 मिलिसेकंदांचा कालस्थिरांक प्रमाण मानतात आणि 50 हर्ट्झला लघुपरिपथावर संपर्क जोडण्याची त्याची क्षमता लघुपरिपथ प्रवाहाच्या वर्गमध्य मूल्याच्या 2.5 पट ठरवतात. त्यातला √2 ज्यावक्राचा आणि बाकीचे सुमारे 1.8 या क्षणिक भागाचे.

9 ऑगस्ट 2025

रीतीची मर्यादा पाहण्यासाठी हवेच्या कॉइलच्या जागी तशाच एका दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचे 24 व्होल्टचे वेढे जोडले. त्याच्या दुसऱ्या बाजूची टोके उघडी असली तरी त्यांवर 230 व्होल्ट येतात, म्हणून ती आधी झाकून टाकली आणि प्रवाहाला मर्यादा म्हणून मंडलात वाढीव रोध घातला.

α = 0 ला मिळालेला शेष घातांकी नाही. दर 20 मिलिसेकंदांनी एकाच बाजूला उभे राहणारे टोकदार उंचवटे दिसतात आणि दोन उंचवट्यांमध्ये जवळजवळ काहीच नसते. गाभा संपृक्त होतो तेवढ्याच काळापुरता L कोसळतो आणि प्रवाह उसळतो. उंचवट्यांची उंची आधी झपाट्याने आणि नंतर संथपणे उतरते, त्यामुळे लॉगॅरिदमच्या आलेखावर एक उतार मिळतच नाही. सुरुवातीच्या बिंदूंवरून काढलेला τ आणि नंतरच्या बिंदूंवरून काढलेला τ वेगवेगळे येतात.

शिवाय α तोच ठेवूनही लागोपाठच्या नोंदी जुळत नाहीत, कारण मागच्या वेळी गाभ्यात उरलेले चुंबकत्व पुढच्या वेळेची सुरुवात ठरवते. हवेच्या कॉइलसाठी i(0) = 0 ही एकच अट पुरेशी होती; इथे गाभ्यातला आरंभीचा फ्लक्सही माहीत असावा लागतो. पुढच्या नोंदींपूर्वी व्हॅरिअ‍ॅकने व्होल्टेज हळूहळू शून्यावर आणून गाभा विचुंबित करायचा आणि मगच स्विच लावायचा, असा क्रम ठरवला आहे. त्या नोंदींत वजाबाकीऐवजी व्होल्टेजचे संकलन करून फ्लक्सचाच आलेख काढायचा आहे. रोधावरची घट वजा केली तर फ्लक्स अजूनही व्होल्टेजशी रेषीय नात्याने बांधलेला असतो, आणि दोन भागांत फोडण्याजोगे जे काही या मंडलात उरते ते तिथेच आहे.